पगार वाढवून मागणाऱ्या पोराला काय उत्तर द्यायचं

बेटा,

तुमच्या कापसाच्या जिनिंगसाठी तू निवडलेला नवीन अकाउंटंट पगार वाढवून मागतोय, हा तुझा मेसेज वाचला आणि त्याला पाठवायला तू लिहून ठेवलेलं उत्तरही वाचलं. "मॅनेजमेंटने पगार फिक्स केला आहे, उद्या दुपारपर्यंत कन्फर्म करा, अन्यथा दुसऱ्या उमेदवाराचा विचार करण्यात येईल." हे पाठवू नको बापा. आकडा बरोबर आहे तुझा, पण असं वाचून पोरगा एकतर जाईल नाहीतर मन मारून येईल, आणि मन मारून आलेला अकाउंटंट ऐन जानेवारीत, कापसाच्या गाड्या गेटबाहेर लाइन लावून उभ्या असताना निघून जातो, तेव्हा तुले हिंगणघाटात दुसरा कुठं भेटणार आहे.

आधी आकडा काहून हलवायचा नाही ते तुझ्या डोक्यात पक्कं पाहिजे. तू २२ हजार म्हटले, तो २७ मागतोय. तुमच्या जिनिंगमध्ये जुने अकाउंटंट भाऊ सहा वर्षांपासून आहेत आणि त्यांना २५ आहे. नवीन पोराला २७ दिले तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गेटवरच्या चहाच्या टपरीवर पोचते, गावात पगार लपत नसतो, आणि मग भाऊ मालकासमोर जाऊन उभे राहतात, आणि त्यांच्याजवळ बोलायला मुद्दा असतो, तुझ्याजवळ नसतो. म्हणजे ५ हजाराची वाढ एकाची राहत नाही. हेच कारण त्या पोराला सांगायचं, फक्त भाऊंचा आकडा न सांगता. "बजेट नाही" म्हणू नको, कारण सीझनमध्ये रोज गाठी भरून ट्रक जाताना त्याला दिसणारच आहेत, मग तुझ्या पुढच्या कोणत्याच बोलण्यावर तो भरोसा ठेवणार नाही.

आता तो २७ वर कसा आला ते पाय. तूच लिहिलं की तो सध्या नागपूरला एका दुकानात १९ हजार रोख घेतो, पीएफ वगैरे काही नाही. तुझे २२ त्याने कोणाला तरी विचारून हातात किती येतील ते काढले असतील: बेसिक १५ हजार, घरभाडं भत्ता ७ हजार, त्यातून पीएफचे १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की हातात राहिले २०. म्हणजे घर सोडून यायचं आणि वाढ हजार रुपयाची. त्याच्या जागी मीही कुरकुर केली असती. पण त्याला हे कोणी सांगितलं नाही की ते १,८०० त्याच्याच नावावर जमा होतात आणि कंपनी वरून आणखी १,८०० टाकते. हे समजावून सांग, पण पूर्ण खरं सांग: कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनकडे जातात आणि पीएफ खात्यात ५५०च दिसतात. हे आधी नाही सांगितलं तर सहा महिन्यांनी पासबुक उघडून तो म्हणेल मॅडमनं फसवलं. आणि तरीही हातातले २० ते २०च, तेव्हा हा हिशोब सांगून तो लगेच खूश होईल अशी आशा धरू नको, निदान दोघंही एकाच आकड्यावर बोलाल.

एक गोष्ट तो विचारेलच, की पीएफ नका कापू, तेच हातात द्या. नाही म्हणायचं. १५ हजार बेसिकवाल्याचा पीएफ कापणं बंधनकारक आहे, तिथं आपली मर्जी नाही. आणि मालक म्हणतील, देऊन टाक दोन हजार वरून कॅशमध्ये. तेही नाही! ज्या माणसाच्या हातात तू वह्या देणार आहेस त्याची सुरुवातच वहीबाहेरच्या पैशाने करायची का.

उत्तर लिहायच्या आधी त्याला फोन कर आणि एकच विचार: "२७ मध्ये तुमचं काय काय बसतं?" आणि मग गप्प रहा, मध्ये बोलू नको. माझा अंदाज, तो खोलीचं भाडं सांगेल, घरी जायचं-यायचं सांगेल, आणि त्याची एम.कॉम.ची परीक्षा आहे म्हणतेस तर ती सुट्टीही काढेल. आता बघ, यातलं बरंच तुझ्याजवळ आहे. फॅक्टरीतलं क्वार्टर रिकामं पडलंय, ते दे, भाडं वाचलं की ती खरी बचत आहे. परीक्षेची रजा दे, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नाही हे आत्ताच बोलून घे. पावसाळ्यात जिनिंग बंद असते तेव्हा शनिवार सुट्टी देता येते. जॉइनिंग पंधरा दिवस पुढं ढकलता येते. पेट्रोल भत्ता मात्र देऊ नको, दर महिन्याला ठरलेला भत्ता म्हणजे पगारच झाला, नाव बदललं फक्त, आणि भाऊही तो मागतील.

सगळ्यात कामाचं म्हणजे पगाराचा फेरविचार दिवाळीऐवजी एप्रिलमध्ये, सीझन संपल्यावर. पण "काम पाहून वाढवू" असं लिहू नको, त्याला काही अर्थ नसतो. काय पाहणार ते लिही: शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, त्या रिव्हर्स चार्जच्या नोंदी चुकल्या नाहीत ना, जीएसटीचं ३बी रिटर्न दर महिन्याच्या २० तारखेच्या आत गेलं ना, बँकेचा मेळ महिनाअखेर लागला ना. दुकानात काम केलेल्या पोराने रिव्हर्स चार्ज कधी पाहिला नसेल, तेव्हा हे शिकल्यावर वाढ मागायचा त्याचा हक्क बनतो. हे जमलं तर २३,५००. भाऊंच्या खालीच राहते. पण हा आकडा मालकाकडून आधी हो म्हणवून घे आणि मगच लिही.

मेसेज साधारण असा कर:

"नमस्कार. काल फोनवर तुम्ही मोकळेपणाने बोललात, बरं वाटलं. पगार २२,००० च राहील. या पोस्टवर नवीन माणसाला आमच्याकडे जास्तीत जास्त एवढाच पगार देता येतो आणि जुन्या लोकांच्या पगाराशी मेळ ठेवावा लागतो, त्यामुळे तो वाढवता येणार नाही. फॅक्टरीतलं क्वार्टर भाड्याशिवाय मिळेल. परीक्षेला रजा मिळेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून. जॉइनिंगची तारीख पंधरा दिवस पुढे चालेल. एप्रिलमध्ये सोबत लिहिलेल्या तीन गोष्टी पाहून पगार २३,५०० करू. शुक्रवारपर्यंत कळवा, काही विचारायचं असेल तर त्याआधी फोन करा."

आकडा तिसऱ्याच वाक्यात आला पाहिजे. क्वार्टर आधी आणि "पगार तेवढाच" शेवटी असं लिहिलं तर माणूस सगळं वाचून शेवटी नाराज होतो.

तो परत येईल, २५ तरी करा म्हणेल. तेव्हा पाचशेही वाढवू नको, नाहीतर पहिल्यांदा "वाढवता येणार नाही" म्हटलेलं खोटं ठरतं आणि पुढच्या एप्रिललाही तो दोनदा मागेल. दुसऱ्याची ऑफर दाखवली तरी तेच उत्तर, वरून सरळ म्हण की ती चांगली वाटत असेल तर घ्या, आमचा राग नाही. आकडा एकाच कारणाने हलू शकतो, की तू ज्या कामाचे २२ ठरवले त्यापेक्षा मोठं काम तो आजच करू शकतो, म्हणजे भाऊंच्या बरोबरीचं. ते या पोराच्या बाबतीत दिसत नाही.

शुक्रवारी नाही म्हणाला तर त्याच दिवशी दुसऱ्या नंबरच्याला फोन लाव, आणि क्वार्टर, रजा, एप्रिल हे सगळं त्याला पहिल्याच फोनमध्ये सांग, मागायची वाट पाहू नको.

तुझा काका