वाढत्या खपाच्या आयटमला साधं स्मूदिंग पुरत नाही

अरे, ई-स्कूटरच्या ब्रेक शूचा खप दर महिन्याला वाढतोय ना, मग साधं स्मूदिंग, म्हणजे जुना अंदाज आणि नवी मागणी यांची वजन देऊन काढलेली सरासरी, कायम मागेच पडणार, त्यात ट्रेंड, म्हणजे दर महिन्याची वाढ, वेगळा धरावा लागतो. समज लेव्हल, म्हणजे महिन्याच्या मागणीची सध्याची पातळी, 120, ट्रेंड 8, म्हणजे अंदाज 128, आणि प्रत्यक्षात मागणी आली 138. नव्या आकड्याला द्यायचं वजन लेव्हलसाठी अल्फा 0.4, ट्रेंडसाठी बीटा 0.2 धर, मग नवी लेव्हल L आणि नवा ट्रेंड T असे येतात:

```
L = 0.4*138 + 0.6*128 = 132
T = 0.2*(132-120) + 0.8*8 = 8.8
```

पुढचा महिना 132+8.8, म्हणजे 141 नग, त्यापुढचा 132+17.6, म्हणजे 150. माल यायला दोन महिने लागतात तर दोन्हीची बेरीज लागेल, 291, वर सेफ्टी स्टॉक वेगळा. आणि हो, माल संपलेल्या महिन्यात विक्रीचा आकडा टाकू नकोस, परत गेलेली गिऱ्हाइकं धरून मागणी टाक, मी विक्री टाकायचो आणि ट्रेंड उगाच खाली यायचा. सलग चार-पाच महिने अंदाज कमीच पडत असेल तर बीटा थोडा वाढव.