ओव्यांच्या बावीस वह्या

ताई, सादर नमस्कार. मी पाटण तालुक्यातून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक, वय ७१. बदलीच्या गावोगावी मी तीस वर्षे जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवल्या. अशा २२ वह्या माझ्याकडे आहेत. निवृत्तीनंतर पुस्तक करायचे ठरवले, पण दर वेळी पहिली वही स्वच्छ अक्षरात लिहून काढायला बसतो आणि तिसऱ्या वहीशी अडकतो, कारण तीच ओवी पुन्हा वेगळ्या शब्दांत भेटते. मुलगा म्हणतो, फोटो काढून ठेवा आणि मोकळे व्हा. त्यात गेल्या महिन्यात मी मुखपृष्ठाचा नमुना करून घेतला, तेव्हापासून पत्नी माझ्याशी धड बोलत नाही. बायका माझ्यासमोर गायला लाजत, म्हणून बऱ्याच ओव्या तिनेच बसून उतरवल्या होत्या. काय करावे?
– एक गुरुजी

गुरुजी, सादर नमस्कार.

माझी मावशी भोर तालुक्यात शिक्षिका होती. तिच्याकडेही अशाच ओव्यांच्या २७ वह्या होत्या आणि तीही दोन वर्षे पहिली वहीच पुन्हा पुन्हा लिहीत होती. तिचे काम मार्गी लागले ते लिहिणे थांबवल्यावर. तिने आधी प्रत्येक वहीला क्रमांक दिला, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने वहीचा आणि पानाचा क्रमांक घातला, म्हणजे चौदाव्या वहीचे सदतिसावे पान १४/३७ झाले, आणि मग सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. तुमच्या मुलाचे म्हणणे इथपर्यंत बरोबरच आहे. फक्त त्यातून पुस्तक होत नाही, एवढेच.

त्यानंतर तिने पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद कापून घेतले आणि एका चिठ्ठीवर एकच ओवी, असा नियम केला. वर उजवीकडे वही-पान क्रमांक, खाली गाव, गाणारीचे नाव आणि महिना-वर्ष, मध्ये ओवी जशी टिपली होती तशीच, आणि स्वतःचे जे काही म्हणणे असेल ते चिठ्ठीच्या पाठीमागे. वहीत गाणाऱ्या बाईने सांगितलेला अर्थ आणि मावशीचा स्वतःचा तर्क एकाच ओळीत मिसळलेले होते. ते वेगळे करायचा एवढाच साधा मार्ग होता. रोज तीस चिठ्ठ्या या गतीने सुमारे ४,१०० ओव्यांना साडेचार महिने लागले.

या कामात तिला स्वतःचीच एक चूक सापडली, आणि शिक्षक म्हणून ती तुम्हीही केली असण्याची मला दाट शंका आहे. सुरुवातीच्या वह्यांत तिने बायकांचे उच्चार शुद्ध करून लिहिले होते. गाणारीने ‘पानी’ म्हटले की मावशी ‘पाणी’ लिही. पण ‘रानात’ या अर्थाच्या ‘रानी’शी ‘पानी’चे यमक जुळते, ‘पाणी’चे जुळत नाही. त्यामुळे जिथे यमक लंगडते तिथे बहुधा आपल्या लाल शाईचा हात फिरला आहे, हे तिच्या ध्यानात आले. तरीही तिने अंदाजाने मूळ रूप परत घातले नाही, कारण तो दुसरा हस्तक्षेप झाला असता. वहीतले रूप ठेवून तळटीप दिली.

आता तुम्हाला छळणारी गोष्ट, तीच ओवी वेगळ्या शब्दांत भेटण्याची. पहिल्या ओळीवरून ओव्या लावायला जाल तर फसाल. ‘पहिली माझी ओवी’ अशा ठरीव सुरुवातीच्या कितीतरी ओव्या असतात आणि त्यांचा खरा मजकूर पुढच्या अर्ध्यात असतो. उलट, भावासाठी गायलेली ओवी दुसऱ्या गावात नाव बदलून विठ्ठलाची झालेली आढळते. म्हणून मावशीने चिठ्ठ्या ओवीतल्या मुख्य प्रतिमेवरून आणि शेवटच्या यमकावरून जुळवल्या. एकाच ओवीच्या सगळ्या चिठ्ठ्या टाचणीने एकत्र केल्या, त्यांतली सर्वांत पूर्ण ती वर ठेवली आणि बाकीच्या गावाच्या नावासह पाठभेद म्हणून खाली दिल्या. पुनरावृत्ती म्हणून एकही चिठ्ठी फेकू नका. कोणती ओवी कोणत्या गावात कशी वळली हे कळायला दुसरे साधन नाही. अशी जुळवणी झाल्यावर तिच्या ४,१०० चिठ्ठ्यांच्या २,६०० ओव्या झाल्या.

प्रकरणे पाडताना मात्र ती एकदा सपशेल चुकली. सण, शेती, सासुरवास, रामकथा असे १९ विषय करून तिने पलंगावर गठ्ठे लावले, आणि सगळ्यांत मोठा गठ्ठा ‘इतर’चा झाला. ‘इतर’ फुगले की विभागणीचा पायाच चुकला, असे खुशाल समजावे. शिवाय सीतेच्या वनवासाची ओवी रामकथेत घालायची की सासुरवासात, याचा निकाल लागेना, कारण गाणारीने सीतेच्या आडून स्वतःचेच सांगितलेले असते. शेवटी तिने ओवी कशाविषयी आहे हे सोडून ती कोणाला उद्देशून आहे ते पाहिले: आई, भाऊ, लेक, शेजारीण, विठ्ठल. ‘इतर’ जवळजवळ विरले. जी ओवी दोन ठिकाणी बसत होती, तिची चिठ्ठी एकाच जागी ठेवून दुसऱ्या जागी फक्त ‘पाहा’ आणि क्रमांक लिहिलेली कोरी चिठ्ठी घातली. तुमच्या ओव्यांना हीच विभागणी लागू पडेल असे नाही. पन्नास चिठ्ठ्यांवर करून पाहा आणि मगच ठरवा.

टंकलेखनाला देताना मजकूर युनिकोडमध्येच हवा, असे बजावून सांगा. पहिली दोन पाने आली की फाईल उघडून फॉन्ट बदलून पाहा. अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा चिवडा दिसला, तर जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला आहे आणि त्या फाईलमध्ये पुढे शब्द शोधणे किंवा सूची करणे जिकिरीचे होईल. प्रत्येक ओवीच्या शेवटी वही-पान क्रमांक टाईप करून घ्या, म्हणजे मुद्रितशोधनात शंका आली तर मूळ पान चटकन काढता येईल.

राहिला मुखपृष्ठाचा प्रश्न, आणि इथे मी तुमची बाजू घेणार नाही. चिठ्ठीवर आणखी एक रकाना ठेवा: नोंद कोणाच्या हस्ताक्षरात आहे. पहिल्या पाचशे चिठ्ठ्या झाल्या की मोजा. जो आकडा येईल त्यावर ‘सौ.च्या सहकार्याने’ असे प्रस्तावनेत लिहून भागणार नाही. समोर बसून, गाणारीचा विश्वास मिळवून ज्याने ओवी उतरवली तो संकलक, त्यामुळे ‘संकलन’ या शब्दाखाली दोन नावे हवीत आणि ती सारख्याच टाईपात हवीत. संपादन तुमचे असेल तर ते खुशाल वेगळे छापा. मुखपृष्ठाचा तो नमुना तूर्त कपाटात ठेवा.

तुमच्या वह्यांत गाणारीचे नाव किंवा गाव लिहायचे राहून गेलेली पाने नक्कीच असतील. मावशीच्या वह्यांत दोनशेच्या वर ओव्या अशा होत्या आणि त्यांतल्या निम्म्याही ओळखता आल्या नाहीत, कारण तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. तुमच्या घरात सांगणारी व्यक्ती आहे. कामाला पहिल्या वहीपासून नव्हे, तर या पानांपासून सुरुवात करा. ओवी वाचून दाखवा आणि ती कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या जात्याशी ऐकली होती, हे त्यांना विचारा. त्या सांगतील ते चिठ्ठीवर त्यांनाच लिहू द्या.