नोकरी नाकारताना: मेसेजमधला नकार ईमेलमध्ये कसा लिहावा?

डिप्लोमा मेकॅनिकल झालंय. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीनं क्वालिटी इन्स्पेक्टरचं ऑफर लेटर ईमेलवर पाठवलं आणि चारच दिवसांत चाकणहूनही बोलावणं आलं. फाउंड्रीतल्या सरांना व्हॉट्सअॅपवर एवढंच लिहून ठेवलंय: ‘सर, माझं दुसरीकडं झालंय, पगार पण जास्त आहे. तुमच्याकडं जमंल असं वाटत नाही. सॉरी.’ अजून पाठवलेलं नाही. पाठवू का? – एक वाचक, खानापूर

पाठवू नका, पण उशीरही करू नका. तुमच्यानंतर निवडलेल्या उमेदवाराला कंपनी सहसा थांबवून ठेवते. तुमचा नकार लवकर पोचला तर त्याला बोलावता येतं. ऑफर लेटरमध्ये उत्तराची मुदत दिलेली असते, तिच्या आत कळवाच. निर्णय आज पक्का झाला असेल तर आजच लिहा.

व्हॉट्सअॅपवरचा निरोप त्या एका सरांच्या फोनमध्ये राहतो. ते उद्या दुसरीकडे गेले की कंपनीकडे तुमच्याविषयी काहीच उरत नाही, आणि ‘ऑफर दिली, मुलगा आलाच नाही’ एवढीच नोंद राहण्याची भीती असते. म्हणून ज्या ईमेलवर ऑफर आली त्यालाच उत्तर द्या. विषयाची ओळ आणि त्यातला संदर्भ क्रमांक तसाच राहू द्या. दोन-तीन वर्षांनी कुणी तुमचं नाव शोधलं तर ऑफर आणि तुमचा नकार एकाच जागी सापडतील.

आता तुमचाच मेसेज पाहू. ‘जमंल असं वाटत नाही’ हे आपलं बोलणं झालं, तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की मुलगा पगार वाढवून मागतोय. मग ते पुन्हा फोन करतात, तुम्ही ओशाळता आणि उत्तर द्यायचं टाळता. नाव खराब होतं ते इथं, नकारामुळे नव्हे. ‘पगार पण जास्त आहे’ हे खरं असलं तरी काढून टाका. त्यातून ‘तुम्ही कमी देता’ एवढंच ऐकू जातं.

मी तुम्हाला विचारलं होतं की चाकणला जावंसं का वाटतं आणि फाउंड्रीत काय आवडलं. चाकणला सीएनसी मशीनवरचं काम आहे, आणि फाउंड्रीतल्या सरांनी मुलाखतीनंतर शॉप फिरवून कास्टिंगमधला ब्लोहोल कसा ओळखायचा ते दाखवलं, असं तुम्ही सांगितलंत. ईमेलला लागणारं सगळं त्यातच आहे:

> आदरणीय सर,
>
> क्वालिटी इन्स्पेक्टर या पदासाठी आपण ५ तारखेला पाठवलेल्या ऑफर लेटरबद्दल मनापासून आभार. पूर्ण विचार करून मी ही नोकरी न स्वीकारण्याचा निर्णय घेतला आहे. मला सीएनसी मशीनिंगचं काम शिकायचं आहे आणि तशी संधी दुसरीकडे मिळाली आहे.
>
> मुलाखतीनंतर आपण स्वतः शॉप फिरवून दाखवलंत आणि कास्टिंगमधला ब्लोहोल ओळखायला शिकवलंत, ते माझ्या कायम लक्षात राहील.
>
> पुढे आपल्याकडे मशीनिंग किंवा तपासणी विभागात अनुभवी माणसाची गरज भासली तर माझा जरूर विचार व्हावा, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

नकार दुसऱ्याच वाक्यात आहे आणि त्यात ‘कदाचित’, ‘सध्या तरी’ असं काही नाही. कारण एका वाक्यात संपतं. दुसऱ्या कंपनीचं नाव आणि आकडा कुठेच नाही. सगळ्यात मोलाचं वाक्य ब्लोहोलचं. ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे’ हे कुणीही कुणालाही लिहितं, पण शॉप दाखवणाऱ्या माणसाला आपला अर्धा तास वाया गेला नाही हे या वाक्यातून कळतं. शेवटच्या विनंतीत कामाचं नाव घातलंय, कारण नुसतं ‘भविष्यात संधी द्यावी’ म्हटलं तर कशासाठी आठवण ठेवायची ते त्यांना कळत नाही.

कोल्हापूरच्या कंपनीची ऑफर सही करून परत पाठवली आहे. आठ दिवसांनी रुजू व्हायचंय, पण आता गावातच काम मिळालं. घरचे म्हणतात, वडील आजारी आहेत असं लिहून टाक. – एक वाचक, निपाणी

असं अजिबात लिहू नका. मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होते तेव्हा एका मुलानं हेच कारण लिहिलं होतं. आमच्या स्टोअरमधले मामा त्याच्याच गल्लीतले निघाले. त्याचे वडील त्याच सकाळी त्यांना बाजारात भेटले होते. मुलगा हुशार होता, पण पुढे त्याचा अर्ज आला तेव्हा तो मुद्दाम बाजूला ठेवला गेला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. आपल्या भागात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच.

तुमचं प्रकरण वरच्यापेक्षा जड आहे, कारण तुम्ही शब्द दिला होता. आधी फोन करा आणि त्याच दिवशी ईमेल पाठवा. फोन करण्यापूर्वी सही केलेलं पत्र नीट वाचा. रुजू न झाल्यास काही रक्कम परत द्यायची अट आहे का आणि मूळ कागदपत्रं तिकडे दिली आहेत का, हे बघून ठेवा. ईमेलमध्ये सरळ लिहा: ‘मी १२ तारखेला दिलेली स्वीकृती मागे घेत आहे. आपण माझ्या भरवशावर नियोजन केलं होतं, त्यात माझ्यामुळे अडचण आली याबद्दल क्षमस्व. मला निपाणीतच काम मिळालं आहे.’ पुढच्या संधीची विनंती या पत्रात घालू नका, ती इथं शोभत नाही. काही कंपन्या अशा उमेदवाराला पुन्हा बोलावत नाहीत, आणि तुमचं पत्र कितीही चांगलं असलं तरी ते बदलणार नाही.

काम आवडलं होतं, पण दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि चिकोडीला परतायला तेव्हा बस नाही. मी ‘घरगुती कारणामुळे शक्य नाही’ असं लिहिलंय. बरोबर आहे ना? – एक वाचक, चिकोडी

ताई, तुम्ही चुकीचं दार लावून घेताय. ‘घरगुती कारण’ वाचलं की लग्न ठरलं असेल असं समजून तुमचं नाव कायमचं बाजूला ठेवतात. तुमची अडचण पाळीची आहे. म्हणून नकार देण्यापूर्वी एकदा विचारा: ‘पहिल्या पाळीत किंवा जनरल शिफ्टमध्ये जागा आहे का?’ हा प्रश्न स्वतंत्र ईमेलमध्ये विचारा, नकाराच्या पत्रात नको. दोन्ही एकत्र आले तर तुम्ही अडून बसला आहात असं वाटतं. ‘नाही’ असं उत्तर आलं तर मग लिहा: ‘दुसऱ्या पाळीनंतर चिकोडीला परतण्याची सोय नसल्यामुळे मी ही नोकरी स्वीकारू शकत नाही. दिवसपाळीची जागा निघाल्यास कृपया कळवावं, मी जरूर येईन.’ शेवटचे तीन शब्द मनापासून असतील तरच लिहा.

एचआर मॅडम कन्नड बोलतात, मला नीट येत नाही. ईमेल कोणत्या भाषेत लिहू? – एक वाचक, बेळगाव

ऑफर लेटर ज्या भाषेत आलं त्याच भाषेत. ते बहुतेक इंग्रजीत असेल, तर इंग्रजीत साधी, छोटी वाक्यं लिहा. क्रम वरच्या पत्राचाच ठेवा. फोनवर बोलताना मात्र सुरुवातीला ‘नमस्कार मॅडम, धन्यवादगळु’ म्हणा, पुढचं हिंदी-इंग्रजीत चालेल.

दोन महिन्यांपूर्वी ‘नॉट इंटरेस्टेड’ एवढंच पाठवून मोकळा झालो. आता लाज वाटते. – एक वाचक, हुक्केरी

त्याच जुन्या ईमेलवर तीन ओळी लिहा: तेव्हा उत्तर फार तुटक गेलं याबद्दल दिलगिरी, मुलाखतीतली एक आठवण, आणि सध्या काय काम करताय ते. नोकरी मागू नका. उत्तर आलं नाही तरी पुन्हा लिहू नका.