झऱ्याच्या ग्रॅव्हिटी लाइनमध्ये हवा धरते ती का, आणि ती काढायची कशी

प्रश्न: वाडीच्या वरच्या झऱ्यापासून घरच्या टाकीपर्यंत एक इंची काळा पाइप टाकलाय, साधारण एक किलोमीटर. झरा टाकीपेक्षा बराच उंच आहे, पंप नाही. उन्हाळ्यात पाइप रिकामा झाला. आता झऱ्याला भरपूर पाणी आहे, पण टाकीत थेंब नाही. प्लंबर म्हणतो, हवा धरलीय. पाणी वरून खाली येतंय तर हवा त्याला अडवते कशी, आणि ती काढायची कशी?

उत्तर:

मी डोंगराळ भागात अशाच छोट्या ग्रॅव्हिटी लाइनी टाकतो. तुमच्या प्लंबरचं म्हणणं बहुधा बरोबर आहे. फक्त हवा पाइपाला बूच मारते असं मनात धरू नका, कारण मग ती नेमकी कुठे आणि किती अडवते ते समजत नाही.

रिकाम्या पाइपात पाणी सोडलं की ते पहिला खोलगट भाग भरतं आणि पुढच्या उंचवट्यावर चढतं. माथा ओलांडल्यावर मात्र ते पाइप भरून उतरत नाही, पन्हळीतल्यासारखं तळाशी पातळ धारेनं घसरतं. खाली पुढच्या खोलगटात ते साचतं आणि पाइपाचं तोंड पाण्यानं बंद होतं. आता माथा आणि ते साचलेलं पाणी यांच्यामध्ये उतरणीतली हवा कोंडली जाते. पाइप भरलेला असता तर या उतरणीतल्या पाण्याच्या वजनानं दाब वाढला असता आणि त्या दाबावर पाणी पुढचा चढ चढलं असतं. हवेला वजन नसल्यासारखंच. तिच्या वरच्या टोकाला जो दाब, तोच खालच्या टोकाला. म्हणजे चढताना खर्च केलेली उंची उतरताना परत मिळत नाही. कोंडलेली हवा उभ्या मापानं जितके मीटर, तितके मीटर तुमच्या उंचीतून वजा होतात. पाइपाची लांबी इथे मोजायची नाही, फक्त उभी उंची.

एक उदाहरण घेऊ. लाइनीतली सर्वांत खालची जागा शून्य मीटर धरू. झरा 20 मीटरवर. तिथून पाइप 5 मीटरवरच्या ओहोळात उतरतो, 15 मीटरच्या उंचवट्यावर चढतो, 2 मीटरवर उतरतो, पुन्हा 11 मीटरवर चढतो, मग शून्यावर येऊन 6 मीटरवरच्या टाकीत सुटतो. झरा आणि टाकी यांत 14 मीटरचा फरक आहे, आणि दोन्ही उंचवटे झऱ्यापेक्षा खाली आहेत. पाणी न यायला वरवर पाहता काहीच कारण नाही.

आता हवा मोजा. पहिल्या उंचवट्यापुढच्या उतरणीत 13 मीटर उंचीची हवा कोंडते, दुसऱ्यापुढच्या उतरणीत 11 मीटरची. ती तेवढीच राहत नाही, पाण्याच्या दाबाखाली आक्रसते. उतार साधारण एकसारखा धरून हिशोब केला, तर पाणी टाकीच्या तोंडाशी पोचायच्या वेळी पहिली पोकळी सुमारे 7.7 मीटर आणि दुसरी 8.3 मीटर उरते. दोन्ही मिळून 16 मीटर. तुमच्याकडे आहेत 14. त्यामुळे पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही, मधेच कुठेतरी थबकून राहतं. लाइन कितीही वेळ चालू ठेवली तरी फरक पडत नाही, कारण पाणी आणि हवा यांचा तोल बसलेला असतो.

यातली पहिली पोकळी काढली तर 14 मधून 8.3 वजा जाऊन पावणेसहा मीटर उरतात, आणि पाणी सुरू होतं. तुमच्यासारख्या एक इंची, म्हणजे बाहेरून 32 मिलिमीटरच्या पाइपातून एक किलोमीटरवर 14 मीटरच्या फरकात मिनिटाला 18 ते 20 लिटर पाणी यायला हवं. एक पोकळी शिल्लक असेल तर 11-12 लिटर येतं. बरेच लोक इथेच थांबतात. झऱ्यालाच पाणी कमी असेल असं समजून कित्येक वर्षं अर्ध्या पाण्यावर काढतात. झऱ्यावरच्या पेटीतून पाणी वरून सांडत असेल आणि खाली टाकीत बारीक धार येत असेल, तर कमतरता झऱ्यात नाही, लाइनीत आहे.

पण लाइनीत हवा आहे की पाला-माती अडकली आहे, हे आधी ठरवा. त्यासाठी एक प्रेशर गेज पुरतं. टाकीजवळ, कॉकच्या अलीकडे गेज बसवा, कॉक पूर्ण बंद करा आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबा. 10 मीटर पाणी म्हणजे सुमारे 1 किलो दाब. वरच्या उदाहरणात गेजवर 1.4 किलो दिसायला हवं. कचरा अडकला असेल तर पाणी हळूहळू झिरपत दाब पूर्ण 1.4 वर येतो, आणि कॉक उघडला की एकदम कोसळतो. हवा असेल तर कितीही थांबलात तरी काटा 1.4 वर जात नाही. समजा 0.8 वर अडकला, तर 6 मीटर उंचीची हवा लाइनीत आहे. हेच गेज एकेका खोलगटात लावत वर गेलात, की कुठल्या उंचवट्यामागे हवा आहे तेही कळतं. गेज नसेल तर भर दुपारी उंचवट्याच्या पुढच्या उतरणीवर पाइपाला हात लावून पाहा. काळ्या पाइपाचा हवेचा भाग पाण्याच्या भागापेक्षा जास्त तापतो आणि बोटानं ठोकला तर पोकळ वाजतो.

आता हवा काढण्याबद्दल. प्रत्येक मोठ्या उंचवट्यावर सॅडल, म्हणजे पाइपाला आवळून बसवायचा तोंड असलेला पट्टा, बसवून अर्धा इंची कॉक लावा. सॅडलचं तोंड पाइपाच्या अगदी वरच्या बाजूला हवं, कुशीला असेल तर वरची हवा तशीच राहते. जागा माथ्यावरच, किंवा माथ्याच्या हातभर पुढे, टाकीच्या बाजूला. वाहत्या पाण्यात हवा त्याच बाजूला सरकून बसते. माथा नजरेनं ठरवू नका. डोंगरात नजर हमखास फसते. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन दोघांनी फिरा, वरच्या सगळ्या उंचीही त्यातूनच मिळतील.

लाइन भरताना सगळे कॉक आणि टाकीचं तोंड उघडं ठेवा. झऱ्याकडून पाणी थोडंच सोडा, म्हणजे ते खालून चढत जाईल आणि हवेला वरून बाहेर पडायला वेळ मिळेल. पहिल्या उंचवट्यावर माणूस उभा करा. आधी नुसती हवा येईल, मग फुरफुरत हवा-पाणी, मग अखंड धार. अखंड धार आल्यावरही दोन-तीन मिनिटं थांबा, कारण उतरणीतली हवा बुडबुड्यांनी मागे चढत राहते. धार पुन्हा फुरफुरली नाही की कॉक बंद करून पुढच्या उंचवट्यावर जा. हा क्रम झऱ्याकडून टाकीकडेच ठेवायचा.

इथे एक अडचण बऱ्याच जणांना अनपेक्षित असते. लाइन वाहायला लागल्यावर घर्षणात उंची खर्च होत जाते, आणि उंचवट्यावरचा दाब बंद लाइनीपेक्षा बराच कमी होतो. उदाहरणातला दुसरा उंचवटा 600 मीटरवर असेल, तर तिथे पोचेपर्यंत 14 पैकी 8.4 मीटर खर्च झालेले असतात. उरले 11.6, आणि माथा 11 वर. जेमतेम अर्धा मीटर दाब. तोच माथा 13 वर असता, तर तिथे पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार झाला असता. तिथला कॉक उघडला तर हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते. म्हणून पाणी वाहत असताना कॉक अगदी किंचित उघडून तोंडावर ओलं बोट धरा. बोट खेचलं जात असेल तर कॉक लगेच बंद करा. अशा ठिकाणी खिळ्यानं भोक पाडणं हा तर हमखास हवा भरायचा मार्ग आहे, आणि लोक नेमकं तेच करतात.

त्यावर इलाज दोन. टाकीकडचा कॉक थोडा आवळला की पाणी किंचित कमी होतं, पण उंचवट्यावर दाब टिकतो आणि हवा शिरत नाही. पाणी कमी करायचं नसेल, तर झऱ्यापासून त्या माथ्यापर्यंत 40 मिलिमीटरचा पाइप टाका आणि पुढे 32 चाच ठेवा, म्हणजे अलीकडच्या भागात उंची कमी खर्च होते. पुढचा भाग मात्र जाड करू नका. 32 च्या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असतो आणि त्या वेगात लहानसहान बुडबुडे वाहून टाकीत जातात. उतरणीत पाइप जाड केला की वेग पडतो आणि हवा तिथेच ठाण मांडते.

पाइपाचा उभा तुकडा लावून तो कायम उघडा ठेवला तर हवा आपोआप जाते, हेही खरं आहे. पण त्याचं वरचं तोंड झऱ्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर टाकीकडचा कॉक बंद केला की तिथूनच पाणी उडेल. उदाहरणातल्या पहिल्या माथ्यावर त्यासाठी पाच मीटरहून उंच पाइप लागेल, तो झाडाला बांधता येईल. दुसऱ्यावर नऊ मीटरहून उंच लागेल, तिथे कॉकच बरा. बाजारात मिळणारा आपोआप चालणारा एअर व्हॉल्व्ह, आतल्या बॉलचा, चांगला दाब असलेल्या जागी उत्तम चालतो. अर्ध्या मीटरच्या दाबावर बॉल नीट बसत नाही, व्हॉल्व्ह झिरपत राहतो, आणि मातीचा कण अडकला तर उघडाच राहतो.

हवा काढल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा धरली, तर ती झऱ्यावरच्या पेटीतून येतेय का ते बघा. पाइपाचं तोंड पाण्याखाली निदान फूटभर हवं. त्याहून वर असेल तर पाण्याबरोबर भोवऱ्यातून हवा ओढली जाते. मार्च-एप्रिलमध्ये झरा आटत आला की पेटीतली पातळी खाली जाते. तेव्हा टाकीकडचा कॉक इतका आवळा की जेवढं पाणी झऱ्याला येतं तेवढंच लाइनीतून जाईल आणि पेटी भरलेली राहील. मग लाइन रिकामी होणार नाही, आणि दरवर्षीची ही कटकट बहुतेक टळेल.

तुमच्या लाइनीतल्या माथ्यांच्या आणि खोलगटांच्या उंची लेव्हल ट्यूबनं घेऊन, कॉक बंद असतानाचा गेजचा आकडा इथे लिहा. कॉक कुठे बसवायचे ते त्यावरून नक्की सांगता येईल.