निरोपाच्या पत्रात आधी काय लिहायचं

सीईओपद सोडताना कर्मचाऱ्यांना पाठवायच्या तुमच्या पत्राचा मसुदा वाचला. सुरुवातीचे तीन परिच्छेद आठवणींचे आहेत, ते खाली न्या. पत्र उघडणारा माणूस एवढंच शोधतो: तुम्ही कधीपासून नसाल, तुमच्या जागी कोण येणार आणि अडलेल्या फाइलवर सही कोण करणार. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांचं २ फेब्रुवारी २०२१चं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र काढून बघा. ते स्वतः कार्यकारी अध्यक्ष, अँडी जॅसी सीईओ, बदल तिसऱ्या तिमाहीत, हे सगळं सुरुवातीलाच उरकलंय.

नवखे हमखास घसरतात ते इथे:

- "मी कुठेही जात नाहीये" असं लिहितात. मग लोक नव्या सीईओला डावलून तुम्हालाच फोन करत राहतात. संचालक मंडळावर राहणार असाल तर तेवढंच लिहा.
- "कोणाचीही नोकरी जाणार नाही" असा शब्द देतात. तो पाळणं आता तुमच्या हातात नसतं.
- दहा जणांचे नावानिशी आभार मानतात आणि अकरावा दुखावतो. त्यांना वेगळं लिहा. फोन केलात तर उत्तमच.

तुमच्या थेट हाताखालच्यांना आधी तोंडी सांगा आणि पत्र त्याच दिवशी जाऊ द्या. मध्ये रात्र गेली की बातमी फुटतेच. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर आधी कंपनी सचिवांना विचारा.