रात्रीची दारू, सकाळचं पित्त: तुमचे प्रश्न

प्रश्न: शनिवारी मित्रांबरोबर एक क्वार्टर होते, त्याच्या पुढे मी कधी जात नाही. पण रविवारी सकाळी चहाच्या नुसत्या वासानं मळमळतं, पोटात आग पडते आणि दुपारी तीनपर्यंत जेवणच नको वाटतं. दारू तर रात्रीच उतरलेली असते ना?

नाही, रात्री उतरलेली नसते, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं बघा. म्हणजे 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात धरलं तर 60 ग्रॅमच्या आसपास. लिव्हर तासाला साधारण 8 ग्रॅम फोडतं, कुणाचं थोडं कमी कुणाचं थोडं जास्त, पण लिंबू पिऊन किंवा गार पाण्यानं अंघोळ करून हा वेग वाढत नाही. आता नऊ वाजता बसलात असं धरा, तर हिशोब पहाटे साडेचार-पाचपर्यंत जातो. तुम्ही झोपलात तरी लिव्हरचं काम चालूच असतं. आणि गंमत अशी की त्रास सगळ्यात जास्त कधी होतो, तर रक्तातली दारू संपत आली की, म्हणजे बरोबर तुमच्या उठायच्या वेळेला.

पण पोटाचं म्हणाल तर ते याच्या आधीच बिघडलेलं असतं. जठरात स्वतःचंच ॲसिड असतं, ते जठराला जाळत नाही कारण आतल्या अस्तरावर चिकट बुळबुळीत थर असतो आणि त्या थरात ॲसिड मारणारा क्षार असतो. कडक दारू, त्यात नीट किंवा कमी पाण्यातली आणि रिकाम्या पोटी, हा थर फोडते आणि खालच्या पेशींनाही इजा करते. मग ॲसिड थेट अस्तरात झिरपतं, अस्तर लाल होतं, सुजतं. हीच ती आग. आम्ही याला गॅस्ट्रायटिस म्हणतो. दुर्बिणीनं आत बघितलं की ओल्या गुलाबी अस्तरावर लालभडक ठिपके दिसतात, कधी टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे डागसुद्धा.

दुसरी गोष्ट, जास्त दारू गेली की जठराची खाली ढकलायची हालचाल मंदावते. रात्री अकराला वर मटण-भाकरी खाल्लेली असते, ती नेहमीच्या वेळेत पुढे सरकत नाही. सुजलेलं आणि नीट रिकामं न झालेलं जठर मेंदूला एकच निरोप पाठवत राहतं, आता आणखी काही पाठवू नका. तो निरोप तुम्हाला मळमळ म्हणून कळतो आणि भूक मेली म्हणूनही कळतो, दोन्ही एकाच ठिकाणचं आहे. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप दारूनं सैल पडते, तुम्ही लगेच आडवे होता, ॲसिड वर चढतं, म्हणून छातीतही जळतं आणि तोंडाला आंबट पाणी सुटतं.

मध्येच थांबलात तर हे वरवरचं अस्तर लवकर भरून येतं, बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. दर शनिवारी तेच केलं की मात्र बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक पडायला लागतो, ते पुढे सांगतो.

प्रश्न: व्हिस्कीनं त्रास होतो म्हणून मी बिअरवर आलो. बिअर तर हलकी. तरी जळजळ उलट वाढलीये, असं का?

कारण बिअर जठराला हलकी नसते. व्हिस्की, रम, फेणी या गाळलेल्या दारवा अस्तराला थेट इजा करतात पण ॲसिडचा स्राव फारसा वाढवत नाहीत. बिअर आणि वाईन आंबवलेल्या पण न गाळलेल्या असतात, त्यांच्यातले काही घटक जठराला ॲसिड सोडायला जोरात उठवतात. शिवाय गॅसमुळे पोट फुगतं, ढेकर येते, आणि ढेकरेबरोबर ॲसिड वर येतं. म्हणून तुमची जळजळ वाढली.

आणि हलकी म्हणताना बाटलीवरचा आकडा बघा. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे 41 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 30 मिलीचे चार पेग. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टरच्या पुढे गेलात. हे मी ओपीडीत कागदावर लिहून दाखवतो, कारण तोंडी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

प्रश्न: मिस्टरांना सकाळी पित्त होतं, मग ते घशात बोटं घालून हिरवं-पिवळं पाणी पडेपर्यंत उलटी काढतात, म्हणजे पोट साफ होतं म्हणे. या वेळी शेवटी थोडं लाल दिसलं. काळजीचं आहे का?

हो ताई, काळजीचं आहे, आणि हे वाचल्यावर आजच त्यांना डॉक्टरकडे न्या.

आपण मराठीत पित्त हा शब्द सगळ्यालाच वापरतो त्यामुळे गैरसमज होतो. आधी येतं ते आंबट पांढरट पाणी, ते जठरातलं ॲसिड. ते संपल्यावरही ओकाऱ्या काढत राहिलं की पुढच्या आतड्यातला कडू हिरवा-पिवळा रस उलटा जठरात येतो आणि तोंडातून पडतो. हे खरं पित्त. म्हणजे ते पडलं याचा अर्थ घाण निघाली असा नाही, पोट रिकामं झालंय आणि तुम्ही उगाच जोर लावताय एवढाच. दारू तर तोपर्यंत कधीच रक्तात गेलेली असते, उलटीनं ती परत येत नाही.

जोर लावून लावून अन्ननलिका आणि जठर जिथे जोडलेत तिथलं अस्तर चिरतं. आधी दोन-चार साध्या उलट्या आणि मग रक्त, हा क्रम ऐकला की आम्हाला पहिला संशय याचाच येतो. 1929 साली मॅलरी आणि वाईस या दोन डॉक्टरांनी दारूनंतरच्या अशा चिरा नोंदवल्या, आजही त्यांचंच नाव आहे. बऱ्याचशा चिरा आपोआप बंद होतात पण काही होत नाहीत, आणि घरी बसून कुठली कोणती ते कळत नाही.

लाल रक्त, चहाच्या चोथ्यासारखी काळपट उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, उभं राहिल्यावर घेरी, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत. आणखी एक, पोटाच्या वरच्या भागात खूप जोरात दुखतंय, पाठीत आरपार जातंय आणि पुढे वाकून बसलं की थोडं कमी वाटतंय, तर ते पित्त नाही, स्वादुपिंडाची सूज असू शकते. त्याला ॲडमिटच व्हावं लागतं.

प्रश्न: गटारीच्या आधी मी पँटोप्राझोल घेऊन ठेवतो, सकाळी डोकं दुखलं की पेनकिलर. एवढं पुरेसं नाही का?

पँटोप्राझोल ॲसिड कमी करतं, पण दारू स्वतः जी इजा करते तिला ते अडवत नाही. आणि ही गोळी लगेच चालत नाही, जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते आणि पूर्ण परिणाम यायला दोन-तीन दिवस जातात. एक गोळी खाऊन ग्लास उचलला तर फक्त मनाला धीर येतो, आणि तो धीर जास्त पाजतो, हे मी दरवर्षी आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बघतो.

पेनकिलरचं मात्र मनापासून सांगतो, थांबवा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, या गोळ्या जठराचा तोच चिकट थर बनवणारी यंत्रणा बंद करतात. रात्री दारूनं थर फोडला, सकाळी गोळीनं तो परत बनू दिला नाही. माझ्याकडे एक तिशीतला रिक्षावाला आला होता, पित्त वाढलंय म्हणून. दारू फक्त शनिवार-रविवार. खोदून विचारल्यावर कळलं की सोमवारी डोकं आणि कंबर धरते म्हणून मेडिकलमधून सुट्या गोळ्या, दोन सकाळी, दोन संध्याकाळी, रिकाम्या पोटी, वर चहा. पोटात दुखत नव्हतं, फक्त भूक नव्हती आणि जिना चढताना दम लागत होता. हिमोग्लोबिन सात निघालं. दुर्बिणीत जठराच्या खालच्या भागात अल्सर होता, महिनाभर थेंब थेंब रक्त जात होतं आणि काळी शौच होत होती ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

न दुखता एवढं होतं हे लोकांना पटत नाही. पण हे फार जुनं निरीक्षण आहे. 1822 मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला पोटात गोळी लागली, जखम भरली पण जठराला बाहेर उघडणारं भोक कायमचं राहिलं. ब्यूमाँट नावाचे डॉक्टर वर्षानुवर्षं त्या भोकातून जठर बघत राहिले. त्यांनी 1833 मध्ये लिहून ठेवलं की सेंट मार्टिन काही दिवस दारू प्यायला की अस्तर लाल व्हायचं, जागोजागी फोड यायचे, आणि त्याची स्वतःची मात्र फारशी तक्रार नसायची.

डोकं दुखत असेल तर कधीतरीच पिणाऱ्यानं 500 ची एक पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. रोज पिणाऱ्यानं तीसुद्धा विचारून, लिव्हरमुळे.

प्रश्न: मग सकाळी खायचं-प्यायचं काय?

उलटी झाली असेल तर अर्धा तास काहीच नाही. मग पाणी किंवा ओआरएस दोन-दोन घोट, पाच-दहा मिनिटांनी, गटागट नाही, ग्लासभर एकदम गेलं की ताणलेलं जठर ते परत फेकतं. रिकाम्या पोटी चहा, कॉफी, लिंबूपाणी, सिगारेट नको. जळजळीला अँटासिडचं पातळ औषध दोन चमचे चालतं. भूक लागायला लागली की भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, केळं. फोडणीचं, तिखट, तळलेलं दुसऱ्या दिवशी.

डायबेटीसवाल्यांनी हे नीट वाचा. दारू फोडण्यात गुंतलेलं लिव्हर नवी साखर बनवत नाही. रात्री न जेवता झोपलात, सकाळी मळमळ म्हणून खाल्लं नाही आणि ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन मात्र नेहमीसारखं घेतलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, बडबड हे घरच्यांना हँगओव्हर वाटतं. आधी ग्लुकोमीटर लावा.

प्रश्न: वडील रोज पितात. आता रोज पहाटे कोरड्या ओकाऱ्या, ब्रश तोंडात घातला की उबळ, नाश्ता बंद. एक पेग घेतला की थांबतं. म्हणजे दारूच औषध झालीये का?

नाही. हे पोटाचं दुखणं आता फक्त पोटाचं राहिलेलं नाही. रोजच्या दारूची सवय झालेल्या मेंदूला रात्रभर ती मिळाली नाही की पहाटे ओकाऱ्या, हात थरथरणं, घाम, बेचैनी सुरू होते, आणि पेग घेतल्यावर हे सगळं शांत होतं. साध्या गॅस्ट्रायटिसमध्ये दारू घेतल्यावर जळजळ वाढते, तुमच्याकडे त्रास थांबतोय, यावरूनच फरक कळतो. ज्याला लोक उतारा म्हणतात ते खरं तर अवलंबित्वाचं लक्षण आहे.

एक चूक मात्र करू नका, रागाच्या भरात बाटली फोडून आजपासून बंद असं करू नका. इतक्या सवयीनंतर एकदम तोडलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप असा जिवावरचा प्रकार होऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन. 14446 हा सरकारी मोफत नंबर आहे, जवळचं केंद्र तिथे सांगतात. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. आणि जाताना त्यांना सकाळी दटावू नका, त्या वेळी ते खरंच आजारी असतात. शेवटचा पेग कधी घेतला ती वेळ आणि रोज किती मिली होते ते एका चिठ्ठीवर लिहून न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारणार.