माफीनामा लिहायला बसण्याआधी

“मॅडम, कारणे दाखवा नोटीस आलीय. सात दिवसांत खुलासा द्यायचाय. माफी मागून मोकळा होऊ का? आणि निलंबन झालं म्हणजे नोकरी गेलीच ना?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की विचारणारा दारात उभा राहिला तरी ओळखू येतो. दोन-तीन जणांच्या हकिकती एकत्र करून एकाची सांगते. राज्य शासनाच्या एका तालुका कार्यालयात हे रोखपाल होते. अर्जांच्या फीचे ३८,४०० रुपये कोषागारात बारा दिवस उशिरा भरले गेले होते. सोबत खुलाशाचा मसुदा आणला होता, तीन ओळींचा: ‘सदर प्रकरणी झालेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे. मोठ्या मनाने माफ करावे.’

“कुठली चूक?” मी विचारलं.

“जी नोटिशीत आहे ती.”

नोटिशीत एक नव्हे, तीन गोष्टी होत्या. भरणा उशिरा केला, रकमेचा तात्पुरता अपहार केला आणि कॅशबुक अपुरं ठेवलं. त्या मसुद्यावर सही झाली असती तर पुढे चौकशीत तो कागद तिन्हींची कबुली म्हणून पुढे आला असता. माफी मागितली की साहेब विरघळतात, हा समज फार जुना आहे. साहेब विरघळले तरी फाईल विरघळत नाही.

माझा अनुभव असा की शरमलेला माणूस दोनच उत्तरं देतो. एक तर सगळं कबूल, नाही तर सगळं नाकबूल. नोटीस त्याला एकच मोठा शिक्का वाटते. म्हणून आधी धीर देत बसण्यापेक्षा मी कागदच हातात देते. भीती शब्दांनी कमी होत नाही, वेगवेगळी केली की होते.

“ते बारा दिवस पैसे कुठे होते?”

“तिजोरीत. कुठे असणार?”

“तिजोरी उघडते कशी?”

“दोन किल्ल्या लागतात. एक माझ्याकडे, एक साहेबांकडे.”

“कॅशबुकात रोजची शिल्लक लिहिली होती?”

“लिहिली होती. खाली साहेबांची सही पण आहे. दोन दिवस तेवढी राहिलीय.”

“मग हे खुलाशात का नाही?”

ते बराच वेळ त्या नोटिशीकडे बघत राहिले. मग पेन काढून तिन्ही वाक्यांना आकडे घातले आणि म्हणाले, “उशीर माझा. दोन दिवसांच्या सह्या राहिल्या, तेही माझ्या टेबलावर. पण अपहार माझा नाही.” त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज नीट लागला. माझ्या मते या प्रकरणातलं निम्मं काम तिथेच झालं.

खुलासा मग मुद्देसूद झाला. उशीर झाला हे मान्य, पण त्या काळात त्यांना दुसऱ्या कामाचा अतिरिक्त कार्यभार दिल्याचा कार्यालयीन आदेश सोबत जोडला. अपहार स्पष्ट नाकारला आणि कॅशबुकाची पानं नमूद केली. सात दिवस कमी पडत असतील तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागावी आणि पोच घ्यावी. नोटीस घ्यायलाच नकार देणं सगळ्यात वाईट, कारण त्यातून एकतर्फी कारवाईचा रस्ता उघडतो.

तरीही निलंबन आलं. ते आले ते कोसळूनच. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये निलंबनाचा नियम वेगळा आहे आणि शिक्षांची यादी वेगळी. त्या यादीत निलंबन नाहीच. नोकरी चालूच असते, काम तेवढं काढून घेतलेलं असतं. निलंबन आदेशात मुख्यालय ठरवून दिलेलं असतं, ते परवानगीशिवाय सोडायचं नाही.

निर्वाह भत्ता पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका आणि त्यावर महागाई भत्ता. मूळ वेतन ४०,००० असेल तर २०,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर विलंब कर्मचाऱ्यामुळे नसेल तर हे २०,००० वाढून ३०,००० पर्यंत जाऊ शकतात. त्याच्यामुळे असेल तर १०,००० पर्यंत खाली येऊ शकतात. यांचा भत्ता मात्र दोन महिने निघालाच नव्हता. कारण? दुसरीकडे नोकरी-धंदा करत नसल्याचं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. “कुणी मागितलंच नाही,” म्हणाले. कुणी मागत नाही, आपणच द्यायचं असतं.

नव्वद दिवसांचा हिशेब मी त्यांना कॅलेंडरवर मांडायला लावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं की दोषारोपपत्र बजावलं नसेल तर निलंबन तीन महिन्यांपलीकडे चालू नये. त्याला धरून महाराष्ट्र शासनाचा ९ जुलै २०१९ चा निर्णय आहे. यांना दोषारोपपत्र मुदतीच्या आत मिळालं, त्यामुळे तो मुद्दा उरला नाही. पण दोषारोपपत्र मिळाल्यावरही निलंबनाचा आढावा मागता येतो, तो लेखी मागितला.

दोषारोपपत्राला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. लोक पहिलं वाचून घाबरतात. मी शेवटची दोन आधी वाचायला सांगते, कारण आरोप सिद्ध व्हायचा तो त्यांच्यावरच. यांच्या कागदपत्रांच्या यादीत कॅशबुक होतं, तिजोरीच्या किल्ल्यांची नोंदवही नव्हती. ती त्यांनी लेखी मागितली आणि ती कोणत्या दोषारोपाशी कशी संबंधित आहे हे एका वाक्यात लिहिलं. नुसतं ‘सर्व कागदपत्रं द्या’ म्हटलं की मागणी फेटाळायला निमित्त मिळतं.

चौकशीत सादरकर्ता अधिकारी शासनाची बाजू मांडतो, म्हणून आपल्याकडूनही नियम जाणणारा बचाव सहाय्यक हवा. इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, अधिक संभवनीय काय ते पाहिलं जातं. तरी प्राथमिक चौकशीतला जबाब देणारा माणूस समोर तपासला नाही, तर नुसत्या त्या जबाबावर विसंबता येत नाही. उलटतपासणीत यांच्याकडून दोनच प्रश्न गेले. कॅशबुकावरची सही आपलीच का? आणि आपल्या किल्लीशिवाय तिजोरी उघडते का? साक्षीदार तेच साहेब होते. पहिल्याला ‘हो’, दुसऱ्याला ‘नाही’. तिसरा प्रश्न विचारायचा मोह त्यांनी आवरला, याचं मला फार बरं वाटलं.

अहवालात उशीर आणि अपुऱ्या सह्या सिद्ध, अपहार सिद्ध नाही. अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क असतो. शिस्तभंगविषयक प्राधिकारी अहवालाशी असहमत असेल, तर असहमतीची कारणंही आधी कळवावी लागतात. इथे असहमती नव्हती. शिक्षा झाली ती एक वेतनवाढ एका वर्षासाठी रोखण्याची, पुढच्या वेतनवाढींवर परिणाम न होता.

“अपील करू?” त्यांनी विचारलं. अपिलाला ४५ दिवस असतात. पण शिक्षेच्या आदेशात निलंबनाचा काळ कसा धरायचा, यावर एक अक्षर नव्हतं. त्याचा आदेश स्वतंत्र लागतो, आणि पूर्ण वेतन द्यायचं नसेल तर आधी नोटीस देऊन म्हणणं मागवावं लागतं. त्यांनी शिक्षा मान्य केली आणि निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरावा, असा अर्ज त्याच आठवड्यात दिला. मसुदा स्वतःच लिहून आणला होता, मुद्द्यांना आकडे घालून.